‘बिनव्याजी’ हप्त्यावरचा फ्रिज: नऊ महिन्यांचा हिशोब

मी लातूरच्या ट्यूशन एरियात मेस चालवते. नीटची तयारी करणारी चाळीसेक पोरं दोन्ही वेळ जेवायला असतात. सप्टेंबरात जुना फ्रिज बंद पडला आणि दूध नासायला लागलं, म्हणून त्याच आठवड्यात गंजगोलाईच्या बाजूच्या एका दुकानातून नवा घेतला. कार्ड नाही, बँकेत जाणं नाही. फक्त पॅन, आधारचा ओटीपी आणि पासबुक. मेमध्ये शेवटचा हप्ता गेला, म्हणून आता सगळा अनुभव लिहिते आहे. फ्रिज उत्तम चालतोय, हे लिहिणं हप्त्याबद्दल आहे.

स्कीम होती ‘दहा-दोन’. बिल 30,000 चं, दहा हप्ते 3,000 चे, त्यातले दोन तिथंच भरायचे आणि उरलेले आठ दर महिन्याच्या 2 तारखेला खात्यातून कटणार. शिवाय प्रोसेसिंग फी 600 आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 708. ‘व्याज शून्य’ असं काउंटरवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात होतं. बिल होता होता मी शेठला विचारलं, रोख दिले तर किती? ते म्हणाले, 28,500. पाहिजे तिथं लक्ष गेलंच नाही. एवढी रोकड हातात नव्हती, म्हणून मी तो आकडा सोडून दिला.

घरी धाकट्या भाऊजींनी हिशोब मांडला, तेव्हा कळलं. रोखीची किंमत 28,500. मी त्या दिवशी भरले 6,708. म्हणजे खरी उधारी झाली 21,792 ची, आणि तिच्यापोटी आठ महिन्यांत फेडायचे होते 24,000. फरक 2,208 रुपयांचा. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर हा दर महिना 2.2 टक्के पडतो, म्हणजे वर्षाला 26 टक्क्यांच्या वर. व्याज होतंच. ते रोखीच्या सवलतीत लपलेलं होतं.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं, आणि त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहावा लागतो. माझ्या मोबाइलवर ते पीडीएफ आलं होतं. त्यात दर जेमतेम 8 टक्के दिसतो. खोटं काही नाही, कारण त्यात कर्ज देणाऱ्याची फी तेवढीच धरलेली असते. दुकानदार रोखीला 1,500 सोडतो, हे त्या कागदात कुठंच येत नाही. ते आपणच विचारून धरायचं असतं, आणि तेही पॅन नंबर सांगायच्या आधी.

भाऊजींनी माझ्याच फ्रिजचा हिशोब डेबिट कार्डाच्या हप्त्यावरही मांडला. त्यांच्या बँकेनं त्यांना आधीच मर्यादा मंजूर केलेली आहे. दर 15 टक्के, फी 199 अधिक जीएसटी. 28,500 नऊ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता साधारण 3,368 चा, आणि फी धरून एकूण जातात 30,546. माझे गेले 30,708. म्हणजे उघड व्याजाचा हप्ता माझ्या ‘बिनव्याजी’ हप्त्यापेक्षा स्वस्त पडला असता, आणि सुरुवातीचे सहा हजारही लागले नसते. अट एकच, दुकानदारानं कार्डाच्या हप्त्यालाही रोखीचाच भाव द्यावा. बँकेकडून त्याला पैसे एकरकमी मिळतात, मशीनचा थोडा आकार कटतो. म्हणून विचारलं तर बरेच जण देतात. पण ब्रँडची हप्त्याची ऑफर लावली की तो भाव जातो.

डेबिट कार्डाच्या हप्त्यात खात्यातले पैसे अडकतात, असं आमच्याकडं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तेही कर्जच असतं, वेगळं कर्जखातं उघडतं आणि क्रेडिट रिपोर्टात दिसतं.

आता रिपोर्टाचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त राग याचा आला. घरकर्जाचा विचार चालू होता, म्हणून ऑगस्टमध्ये स्कोअर पाहिला होता, 771. सप्टेंबरअखेर 752 झाला. रिपोर्टातल्या चौकशीच्या भागात एकाच तारखेला तीन संस्थांची नावं होती. काउंटरवरचा फायनान्सचा पोरगा “ताई, बघू कुठं बसतंय” म्हणत माझा पॅन एकामागून एक तीन ठिकाणी टाकत होता. मी ओटीपी वाचून दाखवत होते. प्रत्येक ओटीपीबरोबर मी नव्या संस्थेला माझा रिपोर्ट बघायची परवानगी देत होते, आणि अशा पाठोपाठच्या चौकशांनी स्कोअर थोडा घसरतो. ओटीपीच्या मेसेजात संस्थेचं नाव बहुतेक लिहिलेलं असतं. मी नुसते आकडे वाचले.

कर्ज नक्की कोण देतंय, हेही मला करारनाम्यावरून कळलं. पाटीवर ॲपचं नाव, पोरगा तिसऱ्याच एजन्सीचा, आणि कर्ज देणारी एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्तसंस्था, वेगळीच. ते पूर्ण नाव मी rbi.org.in वरच्या नोंदणीकृत एनबीएफसींच्या यादीत शोधलं, अक्षर न् अक्षर जुळवून. सापडलं. त्या यादीत नाव नसतं, आणि ती बँकही नसती, तर मी फ्रिज परत केला असता.

नोव्हेंबरात हप्ता बाउन्स झाला. दिवाळीला पोरं गावी गेली होती आणि मेसचे पैसे एरवीही माझ्याकडं 5 तारखेपर्यंत जमतात. 2 तारखेला खात्यात होते 2,640. संस्थेनं बाउन्सचे 500 लावले आणि माझ्या बँकेनं परतीचे 250 अधिक जीएसटी, म्हणजे 295. तीनशे साठ रुपये कमी पडले म्हणून 795 गेले. हप्त्याची तारीख कर्ज घेतानाच 7 मागायला हवी होती. नंतर विचारलं तर बदलून मिळाली नाही.

मी 5 तारखेला ॲपवरून हप्ता भरला. स्कोअरची धास्ती होती, पण डिसेंबरच्या रिपोर्टात त्या महिन्यापुढं उशिराचे दिवस 000 होते. 2025 पासून संस्था 15 तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती कळवत होत्या. 15 ला माझी बाकी शून्य होती. हीच थकबाकी 16 तारखेपर्यंत राहिली असती, तर ती रिपोर्टात गेली असती.

पुढचे सगळे हप्ते वेळेवर गेले. मे महिन्यात नीट झाली की मेस ओस पडते, म्हणून शेवटच्या हप्त्याचे पैसे एप्रिलमध्येच बाजूला ठेवले होते. जूनमध्ये नाहरकत पत्र मागून घेतलं, रिपोर्टात खातं बंद दिसतंय हे पाहिलं. स्कोअर आता 779 आहे. बँकेच्या ॲपमध्ये मात्र खात्यातून रक्कम काढायचं मॅंडेट चालूच होतं, मर्यादा 10,000 आणि मुदत अजून कित्येक वर्षांची. सही करताना मी 3,000 च समजले होते. ते त्याच दिवशी रद्द केलं.

गेल्या आठवड्यात कणीक मळायच्या मशीनसाठी त्याच दुकानात गेले. शेठला आधी रोखीचा भाव बिलाच्या मागं लिहून द्यायला सांगितला, मग भाऊजींच्या डेबिट कार्डाला तोच भाव लावायला. त्यांनी शंभर रुपये वाढवून तो दिला. चार्जस्लिपवर बँकेचं नाव, दर, महिने आणि हप्ता छापून आला. ती स्लिप आणि फ्रिजचं नाहरकत पत्र आता एकाच फायलीत आहेत.