दोन हातांची बटणं: पॅनेलवाल्याचा टायमर की तयार सेफ्टी रिले?

न्यूमॅटिक क्लचच्या प्रेसला दोन हातांची बटणं बसवायची म्हटलं की उद्यमनगरात दोन सल्ले मिळतात. एक, पॅनेलवाल्याकडून कॉन्टॅक्टर आणि टायमरचं सर्किट करून घ्या. दोन, 'टाइप थ्री सी'चा तयार टू-हँड सेफ्टी रिले लावा. काम एकच: दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच स्ट्रोक, आणि दोन्ही सुटल्याशिवाय पुढचा स्ट्रोक नाही. नुसती सिरीजमधली बटणं मी धरतच नाही. एकात पाचर ठोकली की खेळ संपला.

टायमरचं सर्किट स्वस्त पडतं, आणि बिघडलं तर गल्लीतलाच इलेक्ट्रिशियन उघडून दुरुस्त करतो. हे कमी नाही. पण माझं मन फिरलं ते त्या टायमरच्या नॉबमुळं. आमच्याकडं नगावर पगार. अर्ध्या सेकंदावर ठेवलेला नॉब काही दिवसांनी तीन सेकंदांवर सापडायचा, आणि फिरवला कुणी हे कधीच कळायचं नाही. मग कोपरानं एक बटण धरायचं, सवडीनं दुसरं दाबायचं, आणि एक हात डायजवळ मोकळा. पॅनेलला कुलूप लावलं, तर किल्ली मेंटेनन्सवाल्याच्या खिशात, आणि तो ऑपरेटरचाच दोस्त! सेफ्टी रिलेत ती वेळ आतच पक्की असते. फिरवायला काही नसतं. शिवाय प्रत्येक बटणाचे दोन संपर्क, एक उघडा आणि एक बंद, तो तपासत असतो. एखादा चिकटला तर स्ट्रोक देत नाही. टायमरच्या सर्किटमध्ये कॉन्टॅक्टर वेल्ड झाला तर मशीन चालतच राहते.

रिले महाग आहे, आणि सुरुवातीला 'मशीन घेत नाही' ही तक्रार येतेच. बहुतेक वेळा तेल-कचऱ्यानं एक मशरूम बटण जड झालेलं असतं. कोणत्या इनपुटचा दिवा उशिरा लागतो ते पाहा, बटण सापडतं.

कोणताही घ्या, सकाळी एक चाचणी करा: एक बटण धरून ठेवा, थोडं थांबून दुसरं दाबा. रॅम हलता कामा नये. मग फक्त दुसरं सोडून परत दाबा. तरीही हलता कामा नये.

बटणांचं अंतर मात्र दोघांनाही सारखंच लागू. रॅम थांबायला सगळा मिळून 0.2 सेकंद लागत असेल, तर हाताचा वेग सेकंदाला 1600 मिलिमीटर धरून 1600 गुणिले 0.2 म्हणजे 320, अधिक 250 जादा राखीव. बटणं डायपासून निदान 570 मिलिमीटर लांब हवीत. जुन्या की-क्लचच्या प्रेसला हा हिशेब चालत नाही, कारण एकदा क्लच पकडला की बटण सोडूनही रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो. आणि शेजारी हेल्पर पट्टी ओढत असेल तर त्याचे हात यातलं काहीच राखत नाही. त्याला वेगळा बटणांचा जोड द्या, नाहीतर गार्ड.