बिलात एकच रक्ततपासणी दोनदा, आणि परत केलेली इंजेक्शनंही आमच्याच माथी

बाबांना न्यूमोनियासाठी ॲडमिट केलं होतं. डिस्चार्जच्या वेळी सविस्तर बिल हातात आलं, पण ‘फाइलला लावायचंय’ म्हणून लगेच परतही मागितलं. भावाने तेवढ्यात मोबाइलवर पानांचे फोटो काढले. सगळा घोळ त्या फोटोंतूनच सापडला.

फोटोवरून बिल तपासायचं तर आधी फोटोच नीट बघावे लागतात. दोन फोटोंत पानाचा तोच भाग आला होता, त्यामुळे काही ओळी दोनदा दिसत होत्या. अनुक्रमांक तेच होते, म्हणजे बिलात त्या एकदाच होत्या. एका पानाची कड दुमडल्याने नगांचा रकाना झाकला गेला होता. तिथे रकमेला दराने भागलं आणि नग काढले.

खरी गोम पुढे होती. एकाच तारखेला ‘सीबीसी’ आणि काही ओळींनंतर ‘हिमोग्राम’ लावलेलं. दोन्ही एकच तपासणी. तरी लगेच भांडायला जाऊ नका, कारण आयसीयूत काही तपासण्या दिवसातून दोनदा खरंच होतात. त्याच दिवशी बाबांची एबीजी, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची तपासणी, दोनदा लावली होती. तिचे वेगवेगळ्या वेळांचे दोन रिपोर्ट फाइलमध्ये होते, तो आकार योग्यच. सीबीसीचा मात्र रिपोर्ट एकच. ओळी दोन आणि नमुना घेतल्याची वेळ एकच, हे दाखवल्यावर काउंटरवरच्या माणसाकडे उत्तर नव्हतं.

त्याहून मोठा फटका इंजेक्शनांचा. अँटिबायोटिक दर आठ तासांनी, चार दिवस, म्हणजे 12 डोस. नर्स डोस दिल्यावर ज्या औषधांच्या तक्त्यावर सही करतात, त्यावरही 12 सह्या होत्या. बिलात व्हायल 18! पाचव्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि उरलेल्या सहा सीलबंद व्हायल वॉर्डातून फार्मसीत परत गेल्या. परतीच्या पावतीवर तसं लिहिलं होतं, पण बिलात वजावटीची ओळच नव्हती. वॉर्डातून औषधं परत जाताना ही पावती मागून घ्या. ती नसेल तर निदान औषधांच्या तक्त्याची प्रत तरी मागा.

हे सगळं पुढे ठेवल्यावर मॅनेजर गोड आवाजात म्हणाले, “एवढं कशाला ताणता, थोडा डिस्काउंट देतो.” आम्ही नाही म्हटलं. डिस्काउंट घेतला की चुकीच्या ओळी बिलात तशाच राहतात आणि विमा कंपनीकडेही त्याच जातात. लेखी अर्जासोबत रिपोर्ट, तक्ता आणि पावती जोडली, तेव्हा कुठे दुरुस्त बिल मिळालं. त्यात हिमोग्रामची ओळ गेली आणि सहा व्हायल वजा झाल्या.

‘इतर साहित्य’ म्हणून एक ठोक आकडा मात्र तसाच आहे. त्यात हातमोजे किती, सिरिंज किती, याची फोड अजून मागतोय.