पूर्ण तक्ता सगळ्यांना, की ज्याचा बँड त्याला?

पगाराचे बँड कर्मचाऱ्यांना सांगायचं ठरलं की एचआरपुढे दोन पर्याय उरतात. एकाच मेलने सगळ्या ग्रेडचा तक्ता सगळ्यांना पाठवायचा, किंवा प्रत्येकाला फक्त त्याच्या आणि वरच्या ग्रेडचा बँड पत्राने कळवायचा.

तक्त्यामुळे बढतीचा पुढचा सगळा रस्ता दिसतो. पण बँड अरुंद असेल तर पगारच उघडा पडतो. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेव्हल 10 ची सुरुवात 56,100 रुपये मूळ वेतनाने होते आणि वेतनवाढ वर्षाला साधारण 3 टक्के. लेव्हल आणि सेवेची वर्षं कळली की मूळ वेतन जवळपास कळलंच. सरकारी नोकरीत त्याचं कुणाला काही वाटत नाही. खासगी कंपनीत वाटतं.

तिथे हमखास होणारी चूक म्हणजे सध्याच्या पगारांवरूनच बँड आखणं. ग्रेडमधला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त पगार हीच टोकं धरली, तर ती दोन माणसांची पगारपत्रकं झाली. त्यापेक्षा त्या कामाच्या बाजारभावावरून मध्यबिंदू ठरवावा आणि दोन्ही बाजूंना 20 टक्के सोडावेत. मध्यबिंदू 7.5 लाख असेल तर बँड 6 ते 9 लाख. मग ग्रेडमध्ये एकच माणूस असला तरी त्याचा आकडा निघत नाही.

पत्राचा फायदा असा की त्यात ज्याला त्याला आपली जागा सांगता येते:

«आपली ग्रेड जी-4, बँड वार्षिक 6 ते 9 लाख रुपये. आपला निश्चित पगार 6.9 लाख, म्हणजे मध्यबिंदूच्या 92 टक्के. व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी आणि कंपनीच्या वाट्याचा पीएफ यात धरलेला नाही.»

शेवटचं वाक्य गाळू नका. ऑफर लेटरवर सीटीसी 7.8 लाख पाहिलेला माणूस तोच आकडा बँडशी ताडून पाहतो आणि आपण मध्याच्या वर आहोत असं समजून बसतो.

ग्रेडची सरासरी मात्र दोन्हीकडे जपूनच द्यावी. तिघांची सरासरी 8 लाख म्हणजे बेरीज 24. माझे 7.2, मित्राने सांगितलेले 7.8, की तिसऱ्याचे 9 लाख आपोआप बाहेर. पाचापेक्षा कमी माणसं असतील तर सरासरी देऊच नये.

आमचा कल असा: बँड बाजारभावावर आखलेले असतील, तर तक्ता सगळ्यांना आणि स्वतःची जागा पत्रात. ते अजून जुन्या पगारांवर उभे असतील, तर आधी ते नीट करा. तोवर नुसतं पत्रही नको, कारण चार जणांनी पत्रं शेजारी ठेवली की तक्ता तयार. आणि ‘शेजारच्याला किती?’ असं कुणी विचारलंच, तर मॅनेजरने एवढंच म्हणावं: ‘त्याचा आकडा मी सांगणार नाही. तुमचा 92 टक्क्यांवर का आहे, ते बसून बोलू.’