नाग की मण्यार : आज्ञा नेमकी कुठे अडते?

खानापूर, निपाणीकडच्या शिवारात हे दोन्ही साप आहेत. दोघांच्याही दंशाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. गंमत अशी की स्नायूचे यंत्र तेव्हाही शाबूत असते. आकुंचनाचे सर्वात लहान एकक असलेल्या सार्कोमिअरमधले अॅक्टिन आणि मायोसिनचे तंतू जागेवरच असतात. पण चेतातंतूची आज्ञा न पोहोचल्याने स्नायूत कॅल्शियम सुटत नाही, तंतू एकमेकांवर सरकत नाहीत आणि फक्त अॅक्टिन असलेला आय-पट्टा अरुंद होत नाही.

चेताटोक आणि स्नायू यांच्यात सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. चेताटोकातून सुटलेले अॅसिटाइलकोलिन हे निरोप नेणारे रसायन ती ओलांडते. नागाचे विष पलीकडे, स्नायूवर अॅसिटाइलकोलिन टिपणाऱ्या ग्राहकांवर ठाण मांडते. त्यामुळे प्रतिविषासोबत अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन ही औषधे दिल्यावर निओस्टिग्मिनमुळे अॅसिटाइलकोलिन जास्त वेळ टिकते आणि पापण्या उघडू शकतात.

मण्यारीचे विष मुख्यतः अलीकडे, चेताटोकावरच घाव घालते. अॅसिटाइलकोलिनच्या पिशव्या रिकाम्या होतात, टोक नष्ट होते. सुटायला अॅसिटाइलकोलिनच उरत नाही, म्हणून निओस्टिग्मिनचा सहसा उपयोग होत नाही. प्रतिविष रक्तातले विष पकडते, मोडलेले टोक जोडत नाही. ते नव्याने वाढेपर्यंत रुग्ण कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर राहू शकतो.

मला मण्यारच जास्त घातक वाटते, कारण नागाच्या दंशाला बहुधा सूज आणि वेदना असतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बहुधा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या, तर घरच्यांनी पित्त समजून थांबू नये, व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठावे.