मुद्रितशोधन, भाषासंपादन की आशयसंपादन? हस्तलिखित कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवताना

कोल्हापुरात पुस्तक काढायला निघालेला माणूस प्रेसच्या दारात पहिली मागणी करतो ती अशी: "जरा प्रुफं तपासून द्या." त्याला नेमकं काय हवंय हे त्या वाक्यातून कळत नाही. कुणाला फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून हवं असतं, कुणाला वाक्यं सरळ करून हवी असतात, तर कुणाचं अख्खं पुस्तकच उलट्या क्रमाने लिहिलेलं असतं. ही तीन वेगळी कामं आहेत: मुद्रितशोधन, भाषासंपादन आणि आशयसंपादन. त्यांना वेळ वेगळा लागतो, पैसे वेगळे पडतात आणि बऱ्याचदा माणसंही वेगळी लागतात. आपल्याला कोणतं हवं हे ठरवायचं असेल, तर एकाच मजकुरावर तिघं काय करतील ते शेजारी-शेजारी ठेवून बघणं सगळ्यात सोपं.

करवीर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकाने वडिलांच्या गुऱ्हाळाच्या आठवणी लिहिल्या आहेत, असं धरू. खालचा परिच्छेद मी या लेखासाठी बनवला आहे, पण असं लिखाण इथे नेहमी येतं.

"माझे वडिल गुळव्या होते. श्रावण लागला की गुऱ्हाळ पेटायचं. पहाटे तीनला काहीलीत रस ओतला जायचा आणि चुलवाणात चिपाडे घातली जात असत. भेंडीचे पाणी घातलं की मळी वर यायची, ती काढून टाकली जायची. पाक झाला का हे त्यानी कधी घड्याळावर बघितलं नाही. गार पाण्यात पाक टाकायचा आणि त्याची गोळी वळते का बघायची. आई वस्तीवरून हाक मारायची, 'मी येतो रं भाकरी घिऊन.' हा गूळ शाहू महाराजांनी १९२५ साली वसवलेल्या पेठेत जायचा."

मुद्रितशोधक यात तीन ठिकाणी हात घालेल. 'वडिल'चं 'वडील' करेल, कारण शेवटून दुसरं अक्षर इथे दीर्घ हवं. 'काहीलीत'चं 'काहिलीत' करेल. विहीर-विहिरीत होतं तसंच हे. 'त्यानी'वर अनुस्वार देईल. एवढं झालं की त्याने पुढे जायचं. वाक्य लांबलं आहे का, श्रावणात गुऱ्हाळ चालतं का, हे त्याचं काम नाही. फार तर समासात प्रश्नचिन्ह टाकून ठेवेल. त्याच्या हातात मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम असतात. १९६२चे चौदा आणि १९७२ साली भर पडलेले चार, असे अठरा. त्या चौकटीत बसतं ते चूक की बरोबर, एवढाच त्याचा निकाल.

मुद्रितशोधनाबद्दल एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ते पानं लागल्यावर करायचं असतं, वर्डच्या फाइलवर नाही. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये मजकूर आणताना जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, 'दुसऱ्या'तला ऱ्य मोडतो. पान लावताना फोटोखालची ओळ दुसऱ्याच फोटोखाली जाते, अनुक्रमणिकेत जुनेच पानक्रमांक राहतात. ही सगळी चुकांची पैदास पानं लावताना होते, म्हणून आधी फाइलवर कितीही तपासलं तरी लागलेल्या पानांची प्रुफं पुन्हा वाचावीच लागतात. पहिल्या प्रुफावरच्या दुरुस्त्या घातल्या गेल्या की नाही, घालताना शेजारचा शब्द बिघडला का, यासाठी दुसरं प्रूफ लागतं.

आता तोच परिच्छेद भाषासंपादकाकडे देऊ. मला वाटतं, आपल्याकडे सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, म्हणून इथे थोडं थांबू या.

भाषासंपादक आधी लेखकाची बोलण्याची पट्टी ठरवतो. या परिच्छेदात 'पेटायचं', 'घातलं' आहे आणि 'चिपाडे', 'भेंडीचे'ही आहे. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच पुस्तकात कोणतीतरी एक धरावी लागते. आठवणींचं लिखाण आहे, सूर घरचा आहे, म्हणून तो 'चिपाडं', 'भेंडीचं पाणी' करेल आणि तो निर्णय एका कागदावर लिहून ठेवेल. त्याच कागदावर 'गुऱ्हाळ' असंच लिहायचं, आकडे अंकांत की अक्षरांत, गावांची नावं कशी, हे सगळं येतं. पुढे मुद्रितशोधकाला हा कागद मिळाला नाही, तर तो आपल्या मनाने अर्धी 'चिपाडं' पुन्हा 'चिपाडे' करून ठेवेल.

मग वाक्यं. 'रस ओतला जायचा', 'चिपाडं घातली जात असत', 'काढून टाकली जायची', अशी सलग तीन वाक्यं कर्त्याशिवाय आली की गुऱ्हाळावर माणूसच दिसेनासा होतो. रस कोण ओतायचं, चुलवाणाशी कोण बसायचं? भाषासंपादक हे स्वतः ठरवू शकत नाही, कारण ते त्याला माहीतच नाही. तो समासात विचारेल, "चिपाडं कोण घालायचं? नाव किंवा नातं द्याल का?" लेखकाने "धाकटे काका" असं उत्तर दिलं की वाक्य होतं, "धाकटे काका चुलवाणात चिपाडं सारत बसायचे." वाक्य सुधारलंच, वर एक माणूसही पुस्तकात आला.

तिसरं काम पडताळणीचं. गुऱ्हाळाचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. श्रावणात ऊस अजून शेतात वाढत असतो. तेव्हा 'श्रावण लागला की'वर प्रश्न हवा. शाहू महाराजांचं निधन ६ मे १९२२ रोजी झालं, म्हणजे १९२५ साली त्यांनी पेठ वसवणं शक्य नाही. लेखकाला गुळाच्या व्यापाराची शाहूपुरी म्हणायची असेल, तर तिची स्थापना १८९५ची. भाषासंपादकाने इथे परस्पर आकडा बदलायचा नाही, पुरावा देऊन विचारायचं. लेखकाच्या मनात दुसरीच पेठ असू शकते.

आणि आता आईचं वाक्य. 'मी येतो रं भाकरी घिऊन.' कोल्हापूरकडच्या बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. बाहेरगावच्या संपादकाच्या हाती हे गेलं तर तो निष्ठेने 'मी येते रे भाकरी घेऊन' करून देईल. व्याकरण बरोबर होईल आणि आई बदलेल. चांगला भाषासंपादक अवतरणचिन्हांच्या आतलं बोलणं हात न लावता ठेवतो, फक्त ते सगळीकडे सारखं आहे का ते बघतो. पहिल्या प्रकरणात आई 'येतो' आणि पाचव्यात 'येते' म्हणत असेल, तर लेखकाला विचारतो. निवेदनात मात्र 'घिऊन' आलं आणि ते मुद्दाम नसेल, तर तिथे 'घेऊन' करायला हरकत नाही. संपादक निवडताना मी तरी हाच प्रश्न आधी विचारेन: माझ्या माणसांच्या तोंडची बोली तुम्ही काय कराल?

आशयसंपादक या परिच्छेदातली एकही वेलांटी दुरुस्त करणार नाही. त्याला वेगळंच दिसेल. हा परिच्छेद सातव्या प्रकरणात आहे. त्याआधी कुळाची वंशावळ, गावाचा इतिहास आणि शाळेतल्या नोकरीची हकिकत आहे. वडील हे पुस्तकाचं मूळ, पण काहिलीशी उभे असलेले वडील वाचकाला भेटतात ते निम्मं पुस्तक सरल्यावर. दुसरं, गुऱ्हाळ बंद पडलं हे एका ओळीत उरकलंय. का बंद पडलं? ऊस साखर कारखान्याला जायला लागला, माणसं मिळेनाशी झाली, की भावाभावांत वाटणी झाली? सगळं पुस्तक त्या उत्तराकडे चाललंय आणि तेच लिहिलेलं नाही. तिसरं, पाकाची गोळी वळून बघण्याचा प्रसंग एका वाक्यात संपतो. तिथे वडिलांचा हात, चुकलेला पाक, त्या दिवशीचं नुकसान यातलं काहीतरी हवं.

हे सगळं तो लांब पत्रात लिहून देतो. सोबत प्रकरणांचा तक्ता असतो: कोणतं प्रकरण काय सांगतं, कुठे एकच गोष्ट दोनदा येते, काय हलवावं, काय गाळावं. पुन्हा लिहायचं काम लेखकाचंच. आशयसंपादक नवे परिच्छेद स्वतः लिहून घालायला लागला, तर ते संपादन राहत नाही, दुसऱ्यासाठी लेखन होतं आणि त्याचा करार वेगळा असतो.

यावरून क्रम आपोआप ठरतो. आधी आशय, मग भाषा, मग पानं लावणं, शेवटी प्रुफं. उलटं केलं तर पैसे वाया जातात, कारण भाषासंपादनात घासून काढलेलं वंशावळीचं प्रकरण पुढे आशयसंपादकाच्या सांगण्यावरून गाळलं जातं.

तुम्हाला कोणतं हवं हे ओळखायला घरच्यांना विचारू नका. ते कौतुकच करतील. ओळख नसलेल्या दोन वाचकांना पहिली तीस पानं द्या आणि पुस्तक कशाबद्दल आहे ते तोंडी सांगायला सांगा. दोघांनी दोन वेगळी पुस्तकं सांगितली, किंवा "पुढं मजा येईल असं वाटतंय" म्हणाले, तर आशयसंपादन हवं. पुस्तक बरोबर सांगितलं, पण काही वाक्यांवर दोनदा वाचावं लागलं अशा खुणा केल्या, तर भाषासंपादन. दोन्ही नसेल तर प्रुफांवर भागतं. पण पहिल्याच पुस्तकाचं नुसत्या प्रुफांवर भागलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

तिन्ही परवडत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे. पूर्ण आशयसंपादनाऐवजी आशयसंपादकाला संपूर्ण हस्तलिखित एकदा वाचायला द्या आणि त्याच्याकडून चार-पाच पानांचा अभिप्राय लिहून घ्या. त्याप्रमाणे स्वतः फेरलेखन करा. मग पहिल्या दोन प्रकरणांचं भाषासंपादन करून घ्या, त्यासोबत तो निर्णयांचा कागद मागून घ्या आणि उरलेली प्रकरणं त्याच्या आधाराने स्वतः सुधारा. अंतिम प्रुफं मात्र दुसऱ्याच माणसाकडे द्या. लेखकाला आपली चूक दिसत नाही, कारण तो पानावरचं नाही, मनातलं वाचतो. भाषासंपादकानेही इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्याचे डोळेही सरावलेले असतात.

काम ठरवण्याआधी तुमचीच पाच पानं नमुना म्हणून करून मागा. मधली द्या, सुरुवातीची पानं बहुतेकांनी आधीच घासलेली असतात. परत आलेल्या पानांवरून बरंच कळतं. मुद्रितशोधनाच्या नावाखाली वाक्यं बदलून आली, तर तो माणूस हद्द ओलांडतोय. भाषासंपादनात समासात एकही प्रश्न नसेल, तर त्याने एकतर लक्ष देऊन वाचलेलं नाही किंवा स्वतःच्या मनाने ठरवलंय. आशयसंपादनात फक्त ऱ्हस्व-दीर्घच्या खुणा आल्या, तर ते काम झालेलंच नाही. बदल ट्रॅक चेंजेस लावूनच हवेत, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती स्वीकारायची की नाकारायची हे तुमच्या हातात राहतं. आणि कराराच्या कागदावर 'संपादन' एवढंच लिहू नका. कोणती पातळी, किती फेऱ्या आणि प्रश्नांना उत्तरं द्यायला तुम्हाला किती दिवस, हे तिन्ही लिहून घ्या.