थिअरेटिकल की कन्सेप्च्युअल फ्रेमवर्क: माझ्या ठिबकच्या प्रपोजलचा अनुभव

रिसर्च प्रपोजलला एखादी तयार थिअरी जशीच्या तशी घ्यायची, की आपल्या प्रश्नापुरतं खोकी-बाणांचं चित्र आपणच जुळवायचं, असा हा प्रश्न. बाकी व्याख्या सगळ्यांना पाठ असतात म्हणून त्या सोडतो. मी एकाच विषयावर दोन्ही करून पाहिलंय, तेच सांगतो. विषय होता ऊस करणारे शेतकरी ठिबक का बसवतात आणि का बसवत नाहीत.

पहिल्या ड्राफ्टला आयझेनची १९९१ची थिअरी ऑफ प्लॅन्ड बिहेवियर घेतली. ठिबकबद्दलचं मत, आजूबाजूच्यांचा दबाव आणि आपल्याला जमेल हा भरवसा, या तिन्हींतून इरादा तयार होतो आणि इराद्यातून कृती. काम फारच सोपं झालं, खरंच. व्हेरिएबल थिअरीच देते, बाणही तीच देते, हायपोथेसिस एका संध्याकाळी लिहून झाले. ॲनालिसिसही ठरलेलं, प्रत्येक संकल्पनेला तीन-चार प्रश्न, ते प्रश्न एकाच गोष्टीबद्दल बोलतात का हे फॅक्टर ॲनालिसिसने तपासायचं आणि मग सगळे बाण एकदम तपासणारं एसईएम. कमिटीत कुणी "हा बाण कुठून आणला?" विचारलं तरी उत्तर तयार.

अडलं ते इराद्यापाशी. पायलटला ३० जणांकडे गेलो आणि जवळपास सगळ्यांनी इराद्याच्या प्रश्नांना पाचपैकी पाच दिले, "लावायचंच आहे की ओ" म्हणत. ज्यांच्या शेतात ठिबक नाही त्यांनीसुद्धा. फ्रिक्वेन्सी टेबल काढलं तर सगळे आकडे एकाच रकान्यात. आता ज्या व्हेरिएबलमध्ये फरकच नाही तो कशामुळे बदलतो हे कुठलं ॲनालिसिस सांगणार? आणि या थिअरीत मत काय, दबाव काय, सगळं त्या इराद्यातूनच पुढे जातं, तिथेच वाट बंद. प्रश्नात "येत्या लागणीला" अशी मुदत घालून पाहिली, थोडा फरक पडला पण पुरेसा नाही.

लावायचंय तर मग लावलं का नाही, विचारलं की लोक भराभर सांगायचे. बिल आधी स्वतः भरायचं, अनुदान मागून खात्यात येणार. कुणाचं शेत वाट्याने केलेलं. कुणाकडे विहीर नाही, कालव्याचं पाणी पाळीने येतं, आणि ठिबकला थोडं थोडं पण रोजच्या रोज लागतं, म्हणजे आधी शेततळं हवं. हे सगळं "जमेल हा भरवसा" या खोक्यात कोंबता येतं, आयझेनने त्या खोक्यातून थेट कृतीकडेही एक बाण दिलाय, तेव्हा थिअरीला हे दिसतच नाही असं मी म्हणणार नाही. पण पैसे, जमीन आणि पाणी यांची एकच सरासरी काढली की नेमकं काय आडवं आलं ते कळत नाही, आणि मला तर तेवढंच शोधायचं होतं.

म्हणून दुसरा ड्राफ्ट कन्सेप्च्युअल केला. इरादा काढून टाकला, डिपेंडंट व्हेरिएबल फक्त शेतात ठिबक चालू आहे की नाही, ते जाऊन डोळ्यांनी बघायचं. मत आणि आजूबाजूच्यांचा दबाव त्याच थिअरीतून घेतले, म्हणजे थिअरी पूर्ण सुटली असं नाही. जमिनीची मालकी आणि पाण्याचा स्रोत वेगवेगळे ठेवले, क्षेत्र कंट्रोल म्हणून. बिल आधी भरायची ऐपत मात्र मॉडरेटर, कारण मत चांगलं असूनही पैसा नसेल तर ते कृतीत उतरत नाही. मॉडरेटरचा बाण खोक्यावर न जाता दुसऱ्या बाणावर जातो, आणि चित्रात तो तसा काढला की ॲनालिसिसमध्ये मत गुणिले ऐपत ही टर्म आपोआप ठरते. उत्तर हो-नाही असल्यामुळे लॉजिस्टिक रिग्रेशन. सगळ्या मिळून सात टर्म झाल्या, ढोबळ नियमाने टर्ममागे दहा धरले तर ठिबकवाले आणि बिनठिबकवाले यांच्यात जो गट लहान असेल त्यात निदान ७० जण हवेत. सॅम्पलचा आकडासुद्धा असा चित्रातूनच निघाला.

त्रास यातही आहे. प्रत्येक बाणाची जबाबदारी आपली. मी एक टेबल केलं, एकेक बाण आणि त्यापुढे तो कुठल्या अभ्यासातून किंवा पायलटच्या कुठल्या बोलण्यातून आला, आणि ज्या तीन बाणांपुढे काही लिहिता येईना ते काढून टाकले. दुसरं म्हणजे ठिबक लावलेल्या माणसाचं मत ठिबक लावल्यावरही चांगलं होऊ शकतं, तेव्हा एकाच वेळी गोळा केलेल्या डेटावर "मतामुळे लावलं" असं ठामपणे म्हणता येत नाही. ही मर्यादा मी प्रपोजलमध्येच लिहिली.

तुम्हाला एखादी थिअरीच नव्या गटावर तपासायची असेल, किंवा जुन्या अभ्यासांशी आकडे ताडून बघायचे असतील, तर बहुतेक थिअरेटिकलच बरी पडेल, तिथे खोकी बदलली तर तुलनाच मोडते. पण प्रश्न शेतातून किंवा वॉर्डातून आला असेल तर माझा कल कन्सेप्च्युअलकडे आहे. काहीही घ्या, पण आधी २०-३० जणांचा पायलट करून मधल्या व्हेरिएबलचं फ्रिक्वेन्सी टेबल बघा, मी ते चॅप्टर लिहून झाल्यावर बघितलं आणि दोन महिन्यांचं लिखाण बाजूला ठेवावं लागलं.