माझा फेब्रुवारीचा पगार आणि एक डच बटण

माझा फोन डच भाषेत आहे, हे माझ्या डच शिकवणाऱ्या बाईंचं काम. नेदरलँड्समध्ये स्थायिक होणाऱ्यांसाठी असते त्या इनबर्गरिंगच्या परीक्षेची तयारी करत होते तेव्हा त्या म्हणाल्या, ‘फोनची भाषा बदलून टाका, दिवसातून शंभर वेळा शब्द डोळ्यांखालून जातील.’ शब्द खरंच डोळ्यांखालून गेले. अर्थ मात्र दरवेळी डोक्यात शिरला असं नाही, आणि त्याची किंमत साधारण साडेतीन हजार युरो पडली.

मी आइंडहोव्हनला असते, मूळची सांगलीची. 8 फेब्रुवारी 2023, बुधवार. रात्री पावणेअकराला मुलीला झोपवत होते. फोन उशीखाली, आवाज बंद, पण थरथरत होता. अंधारात बघितलं तर ऑफिसच्या लॉगिनसाठी घेतलेलं मायक्रोसॉफ्टचं ऑथेंटिकेटर अ‍ॅप काहीतरी विचारत होतं. वर कंपनीचं नाव, माझा ईमेल, आणि एवढंच:

```
Aanmelding goedkeuren?
Weigeren      Goedkeuren
```

मी बोटाने सरकवून टाकलं. मिनिटभरात पुन्हा आलं. पुन्हा सरकवलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा पोरगी कुशीवर वळली, आणि चौथ्यांदा मी उजवीकडचं बटण दाबून विषय संपवला. थरथर थांबली. मी झोपले.

आता मला काय वाटलं होतं ते सांगते, कारण नुसत्या ‘लक्ष नव्हतं’ने हे पूर्ण समजत नाही. डचमध्ये melding म्हणजे सूचना, फोनवर येते ती नोटिफिकेशन. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर नगरपालिकेला आपण melding देतो. हा शब्द मला पाठ होता. त्यामुळे aanmelding हीसुद्धा कसलीतरी सूचनाच असणार, असं मी धरून चालले. Goed म्हणजे चांगलं, हे तर पहिल्या दिवशी शिकतात. म्हणून goedkeuren मला ‘बरं, समजलं’ असं वाटलं. म्हणजे माझ्या लेखी त्या पडद्यावर लिहिलं होतं: सूचना आहे, ठीक आहे ना?

प्रत्यक्षात aanmelden म्हणजे लॉगिन करणं. त्याचा उलटा शब्द afmelden, बाहेर पडणं. Goedkeuren म्हणजे तपासून मंजुरी देणं. गाडीची वार्षिक तपासणी झाली की गॅरेजवाला हाच शब्द वापरतो. आणि weigeren म्हणजे नकार देणं. तो प्रश्न होता, ‘हे लॉगिन मंजूर करायचं का?’ आणि मी अर्धवट झोपेत एका चोराला म्हटलं, या, मंजूर.

चोराकडे माझा पासवर्ड आधीपासून होता. ही गोष्ट मला फार उशिरा कळली आणि सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. दुसऱ्या टप्प्याचा हा प्रश्न तेव्हाच येतो, जेव्हा कुणीतरी पहिला टप्पा पार केलेला असतो. आपण स्वतः लॉगिन करत नसताना तो आला, तर अर्थ एकच: पासवर्ड बाहेर गेलाय. माझा कसा गेला तेही आठवलं. जानेवारीत एका पुरवठादाराकडून ‘कागदपत्र पाहा’ अशी लिंक आली होती, नेहमीसारखं दिसणारं लॉगिनचं पान उघडलं, मी पासवर्ड टाकला, पानाने चूक दाखवली, मी बंद केलं आणि चहा करायला गेले. त्या पुरवठादाराची मेलपेटी आधीच फुटली होती.

चोराने तीन आठवडे थांबून रात्रीची वेळ निवडली. माणूस दमलेला असतो, आणि थरथर थांबवण्यासाठी काहीही दाबतो. मी एकटीच मूर्ख नव्हते एवढाच दिलासा. सप्टेंबर 2022 मध्ये उबर कंपनीत चोर असाच शिरला होता. त्यांच्या एका कंत्राटी माणसाला एकामागून एक मंजुरीच्या मागण्या येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक स्वीकारली, असं उबरने स्वतःच सांगितलं.

बरं, चुकीचं बटण दाबल्यावर पुढे काय होतं? गंमत अशी की आपल्या बाजूला काहीच होत नाही. पडदा जातो, फोन शांत. माझी मेल दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी उघडली. पण चोराच्या संगणकावर त्या क्षणी `Aangemeld blijven?`, म्हणजे ‘आत राहायचं का?’, असं विचारलं गेलं असणार आणि त्याने `Ja` म्हटलं असणार. त्यानंतर त्याला ना पासवर्ड लागत होता ना माझी मंजुरी. त्याच्या ब्राउझरकडे एक पास जमा झाला होता आणि तो आठवडेच्या आठवडे चालतो. शिवाय त्याने माझ्या खात्यात स्वतःचा फोन दुसरं ऑथेंटिकेटर म्हणून जोडून घेतला. म्हणजे घराची किल्ली तर घेतलीच, वर स्वतःच्या मापाची दुसरी करून घेतली.

मग त्याने माझी मेल वाचली. आयटीच्या माणसाने नंतर मला शोधांची यादी दाखवली: salaris, loonstrook, IBAN. पगार, पगाराची पावती, खातेक्रमांक. त्याने एक नियम लावला, की एचआरकडून येणारी प्रत्येक मेल वाचलेली समजून थेट `RSS-feeds` नावाच्या फोल्डरमध्ये टाकावी. त्या फोल्डरमध्ये कोण जातं? मी तर तो आहे हेही कधी पाहिलं नव्हतं.

10 तारखेला माझ्या पत्त्यावरून एचआरला मेल गेली: बँक बदलली आहे, या महिन्यापासून पगार या खात्यात टाका. छान डचमध्ये होती, माझ्यापेक्षा बऱ्या. एचआरच्या बाईंनी नीट विचारलं, बँकेच्या कार्डाचा फोटो पाठवशील का? पाठवला. त्या बाई माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर बसतात. त्या दोन आठवड्यांत आम्ही कॉफीच्या यंत्रापाशी किमान तीनदा भेटलो असू, हवेवर बोललो असू. खात्याचा विषय कशाला निघेल? त्यांच्या मते मेलवर सगळं ठरलं होतं.

पगार 24 फेब्रुवारीला, शुक्रवारी यायचा होता. शेजारच्या टेबलावरच्याचा आला, माझा नाही. संध्याकाळपर्यंत बँकेचं अ‍ॅप दर दहा मिनिटांनी उघडत होते. सोमवारी वर गेले तर बाई म्हणाल्या, ‘अगं, तुझ्या नव्या खात्यात टाकलाय की.’ त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. खात्याच्या नावात माझं नाव, शेवटचे चार आकडे भलतेच.

इथल्या बँकांच्या अ‍ॅपमधून पैसे पाठवताना नाव आणि खातेक्रमांक जुळत नसतील तर इशारा येतो, त्याला IBAN-Naam Check म्हणतात. मग इथे का आला नाही? कारण पगाराची एकगठ्ठा फाइल जायची आणि तिच्यावर आमच्या ऑफिसात ही तपासणी होत नव्हती. पैसे ज्या खात्यात गेले ते कुणा तरुण पोराचं होतं, थोड्या कमिशनवर कार्ड आणि पिन दुसऱ्याला देऊन बसलेलं. अशा माणसाला डचमध्ये geldezel म्हणतात, शब्दशः पैशाचं गाढव. बँकेने खातं गोठवेपर्यंत गाढवाच्या पाठीवरचं ओझं उतरवून झालं होतं. पोलिसात तक्रार दिली. ऑफिसने सहा आठवडे वाद घालून अर्धा पगार दिला. मार्चचं भाडं मैत्रिणीकडून घेतलं.

आयटीने लॉगिनची नोंद काढली तेव्हा मला खरी शरम वाटली. तीन ओळींवर प्रतिसाद नाही, चौथीवर मंजूर. वेळ 22:44. शहर, मी आयुष्यात न गेलेलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पासवर्ड बदलला आणि मला वाटलं झालं. आयटीवाला मान हलवून म्हणाला, आधी तिकडे बघ. ऑफिसच्या खात्याच्या पानावर `Beveiligingsgegevens` म्हणजे सुरक्षेची माहिती असते, तिथे कोणकोणते फोन जोडलेत ते दिसतं. माझ्या फोनखाली एक अनोळखी फोन होता. तो काढला. मग `Overal afmelden`, म्हणजे सगळीकडून बाहेर पडा. मग मेलचे नियम तपासून तो एक पुसला. नुसता पासवर्ड बदलून मी गेले असते तर चोराचा जोडलेला फोन आणि मेलचा नियम दोन्ही जागच्या जागी राहिले असते. मंजुरी दिल्यावर त्याच मिनिटाला चूक लक्षात आली असती, तर हेच सगळं रात्री करता आलं असतं आणि पैसे हललेच नसते, कारण खातं बदलण्याची मेल दोन दिवसांनी गेली होती.

तो दोन बटणांचा पडदा मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅपमध्ये आता दिसत नाही. मे 2023 पासून तिथे आकडा टाइप करावा लागतो. प्रश्न असा असतो: `Probeert u zich aan te melden?`, तुम्ही लॉगिन करायचा प्रयत्न करताय का? लॉगिनच्या पानावर दोन अंकी आकडा दिसतो, तो फोनमध्ये टाकायचा. नसाल तर `Nee, ik ben het niet`, नाही, तो मी नव्हे. झोपेत उडवून लावण्याची सोय गेली हे उत्तम झालं. पण इतर कितीतरी अ‍ॅपमध्ये अजून दोन बटणंच आहेत, कुठे Bevestigen आणि Annuleren, म्हणजे पक्कं करा आणि रद्द करा, कुठे Toestaan, परवानगी द्या. डच येत नसेल तर एवढे शब्द कागदावर लिहून फ्रिजला लावा. मी लावलेत, वांग्याच्या भरिताच्या कृतीशेजारी.

आकड्यालाही चोरांनी वाट काढली आहे, कारण मागच्या वर्षी मला फोन आला. अत्यंत सभ्य डच आवाज. ऑफिसच्या सर्व्हिसडेस्कवरून बोलतोय, तुमच्या खात्यात गडबड दिसतेय, मी दुरुस्त करतोय, तुम्हाला फक्त एक आकडा टाकायचाय. फोनवर तो प्रश्न आलाच होता. तो म्हणाला, ‘झेव्हन-एन-फेअरतख’. म्हणजे सात आणि चाळीस. माझ्या इंग्रजी बोलणाऱ्या सहकाऱ्यांची यात नेहमी गल्लत होते, ते चौऱ्याहत्तर लिहून मोकळे होतात. आपलं सत्तेचाळीस त्याच चालीचं, त्यामुळे मला आकडा लगेच कळला. तेवढंच कळलं असतं तर मी टाकलाही असता.

पण तो आकडा लॉगिन करणाऱ्याच्या पडद्यावर येतो. सत्तेचाळीस त्याला दिसत होता, मला नाही. मी स्वयंपाकघरात होते, आणि माझा लॅपटॉप पिशवीत बंद होता.

मी `Nee, ik ben het niet` दाबलं. त्याने ‘मेव्राउ, मेव्राउ’, म्हणजे बाई, असं दोनदा म्हटलं आणि फोन ठेवला. मग कुकरखालचा गॅस बंद करून पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पासवर्ड बदलायला बसले, कारण तो पुन्हा कुठून तरी गेला होता.